शिरगणतीचा फेब्रुवारी

२२ फेब्रुवारी २०११. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात दुपारचे बारा वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती, तेव्हा जमीन हादरली. १८५ माणसं मृत्युमुखी पडली, शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. देशाची जनगणना अवघ्या दोन आठवड्यांवर, ८ मार्चला होती. घरोघरी अर्ज पोचवायचं काम सुरूही झालं होतं. पण ज्या शहरात लोकांना डोक्यावर छप्पर उरलं नव्हतं, तिथे ‘आज रात्री तुमच्या घरी किती माणसं आहेत’ हे कोण कोणाला विचारणार? काही दिवसांतच सरकारने जनगणना रद्द केली.

तो भूकंप झाला तेव्हा भारतात पहाटेचे सव्वापाच वाजून गेले होते. थोड्याच वेळात इथले प्रगणक खांद्याला पिशवी अडकवून घराबाहेर पडणार होते. ९ फेब्रुवारीला सुरू झालेल्या गणनेला दोन आठवडे झाले होते आणि सुमारे २७ लाख कर्मचारी, त्यात बहुसंख्य शाळामास्तर आणि बाई, या कामाला जुंपले होते. भारताची ती मोजणी वेळेवर पार पडली.

पुढे मात्र चित्र उलटं झालं. हुकलेली मोजणी न्यूझीलंडने ५ मार्च २०१३ रोजी घेतली, मग २०१८ साली घेतली, २०२३ साली पुन्हा घेतली. भारताची २०११ नंतरची गणना २०२१ साली व्हायची होती. तिच्यासाठी आता १ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे. म्हणजे दोन भारतीय गणनांमध्ये सोळा वर्षांचं अंतर पडलं आणि तेवढ्या काळात भूकंपाने अडवलेल्या देशाने तीन वेळा माणसं मोजली.

असं का होतं हे समजायचं, तर जनगणना दर किती वर्षांनी घेतात यापेक्षा ती कशाच्या आधारावर उभी असते, हे पाहावं लागतं.

दहा वर्षांनी किमान एकदा मोजणी करावी, अशी संयुक्त राष्ट्रांची शिफारस आहे. भारत, नेपाळ, चीन, ब्रिटन आणि अमेरिका हे देश त्या चालीने चालतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि जपान पाच वर्षांनी मोजतात. यातले पहिले तीन देश क्षेत्रफळाच्या मानाने विरळ वस्तीचे आहेत आणि तिथे बाहेरून येऊन राहणाऱ्यांचा ओघ मोठा आहे. एखादं उपनगर चार वर्षांत दुप्पट होतं आणि खाणीचं गाव तेवढ्याच काळात ओस पडतं. दहा वर्षांपूर्वीचा आकडा तिथे शाळा बांधायलाही उपयोगी पडत नाही. जपानने मधला मार्ग काढला आहे : दर दहा वर्षांनी सविस्तर प्रश्नावली आणि अधल्यामधल्या पाचव्या वर्षी आटोपशीर. तिसरा गट डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे यांसारख्या देशांचा. तिथे प्रगणक कोणाच्या दारात जातच नाही. त्यांच्याकडे पुढे वळू.

भारताची मोजणी दोन टप्प्यांत होते. आधी घरयादी : कोणत्या गल्लीत किती घरं, भिंती कशाच्या, पाणी कुठून येतं, शौचालय आहे का. हे काम आदल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये करायचं असतं. त्या यादीवरून प्रगणन गट आखले जातात. एका गटात साधारण सातशे-आठशे माणसं, म्हणजे एका प्रगणकाला झेपतील एवढी. मग फेब्रुवारीत प्रत्यक्ष लोकसंख्येची गणना.

या सगळ्याचा केंद्रबिंदू एक क्षण असतो. १ मार्चच्या मध्यरात्री बाराच्या ठोक्याला देशात कोण जिवंत होतं, एवढाच खरा प्रश्न. एका रात्रीत देश मोजता येत नाही, म्हणून आधीचे तीन आठवडे फिरून माणसं लिहून घेतात आणि १ ते ५ मार्चला दुसरी फेरी मारून नोंद दुरुस्त करतात. समजा, प्रगणक १४ तारखेला एका घरी गेला आणि त्याने पाच माणसं लिहिली. २७ तारखेला आजी गेली, तर दुसऱ्या फेरीत तिचं नाव कमी होतं. २८च्या रात्री दहा वाजता सुनेला मुलगी झाली, तर ती वाढते. तीच मुलगी रात्री साडेबाराला जन्मली असती, तर पुढच्या जनगणनेपर्यंत तिची मोजणी नाही. ज्यांना घर नाही, त्यांच्यासाठी २८ फेब्रुवारीची रात्र राखलेली असते. त्या रात्री प्रगणक फलाटांवर, पुलांखाली, देवळांच्या ओट्यांवर जाऊन झोपलेल्या माणसांना मोजतात.

फेब्रुवारीच का? पाऊस नसतो, रस्ते उघडे असतात, परीक्षांचा हंगाम अजून पुरता अंगावर आलेला नसतो आणि बहुतेक लोक आपापल्या ठिकाणी असतात. हिमालयातल्या बर्फाळ भागात तेव्हा पोचणंच शक्य नसतं, म्हणून तिथली मोजणी आधीच उरकतात. २०२७च्या गणनेत त्या भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख आहे.

‘बहुतेक लोक आपापल्या ठिकाणी’ या शब्दांपाशी मात्र महाराष्ट्राने थबकायला हवं. बीडच्या एखाद्या गावात फेब्रुवारीत जाऊन पाहा. निम्म्या घरांना कुलपं दिसतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, कारखान्याच्या भाषेत ‘कोयते’, दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरवर बसून गेलेली असतात आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या फडांवर कोप्या टाकून राहिलेली असतात. जनगणनेचा नियम असा आहे की, गणनेच्या संपूर्ण काळात जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी एकदाही आला नाही, तो घरी मोजायचा नाही. जिथे सापडेल तिथे मोजायचा. २०११च्या नियमाप्रमाणे ९ ते २८ फेब्रुवारीत एक रात्रही गावी न फिरकलेलं कुटुंब गावच्या आकड्यातून उणे होतं आणि साखर कारखान्याच्या पट्ट्यात अधिक होतं, अर्थात तिथला प्रगणक उसाच्या फडातल्या कोपीपर्यंत पोचला तर. म्हणून दुष्काळी तालुक्यांचे आकडे वाचताना तारीख आधी वाचावी. मोजणी ऑगस्टमध्ये झाली असती, तर त्याच गावाची लोकसंख्या वेगळी निघाली असती.

आता उशिराकडे येऊ. या वेळापत्रकात एक कठोर हिशेब दडलेला आहे. मोजणीला फेब्रुवारी लागतो आणि त्याच्या आधीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात घरयादी लागते. त्यामुळे ही गणना तीन महिने पुढे सरकवता येत नाही. एक एप्रिल चुकला की एक फेब्रुवारी चुकतो आणि वर्ष जातं. २०२१च्या गणनेची घरयादी १ एप्रिल २०२० रोजी सुरू होणार होती. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. पुढच्या एप्रिलमध्ये दुसरी लाट होती आणि माणसं ऑक्सिजनसाठी धावत होती. इथवर कोणालाही दोष देता येत नाही.

पण २०२२चा एप्रिल मोकळा होता. २०२३चाही होता. नेपाळने आपली २०२१ची गणना जूनवरून नोव्हेंबरवर ढकलली आणि उरकली. बांगलादेशने जून २०२२मध्ये केली. चीनने नोव्हेंबर २०२०मध्ये, इंग्लंड-वेल्सने मार्च २०२१मध्ये बहुतांशी ऑनलाइन केली. स्कॉटलंडने एक वर्ष थांबून मार्च २०२२मध्ये केली. महामारीने भारताची दोन वर्षं खाल्ली, असं फार तर म्हणता येईल. सहा वर्षांचा हिशेब तिच्या खात्यावर लिहिता येत नाही.

त्या काळात नेमकं काय होत होतं, हे एका रूक्ष सरकारी पत्रातून कळत असे. गणनेआधी जिल्हे, तालुके, महापालिका यांच्या हद्दी गोठवाव्या लागतात. नाहीतर अर्धं गाव दोनदा मोजलं जाईल किंवा एकदाही नाही. हद्दी गोठल्या की मगच घरयादीची तयारी सुरू होते. ही गोठवण्याची तारीख मुळात ३१ डिसेंबर २०१९ होती. ती पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली आणि अखेर ३० जून २०२४पर्यंत आली. मुदतवाढीचं पत्र निघालं की जाणत्याला लगेच उमगायचं : या वर्षीही नाही. १६ जून २०२५ रोजी अधिसूचना निघाली तेव्हा कुठे हा खेळ थांबला. ३१ डिसेंबर २०२५ला हद्दी गोठल्या आणि घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ मुक्रर झाला.

सरकारला एवढी ढकलाढकल करता आली, याचं कारण कायद्यात आहे. १९४८चा जनगणना कायदा माहिती गुप्त ठेवण्याबाबत कडक आहे. प्रगणकाने लिहिलेली नोंद न्यायालयातही पुरावा म्हणून चालत नाही. मात्र गणना कधी घ्यायची याबद्दल तो एवढंच म्हणतो की, केंद्र सरकारला आवश्यक किंवा इष्ट वाटेल तेव्हा. ‘दहा वर्षांनी’ हे शब्द त्यात नाहीत. १८८१पासून २०११पर्यंत जी शिस्त पाळली गेली, ती रिवाजाची होती. १९४१ साली महायुद्धामुळे खुद्द ब्रिटनने आपली जनगणना रद्द केली. भारतात मात्र त्या वर्षीही मोजणी झाली, जरी तक्ते अर्धवट छापले गेले. १९७१ साली मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक होती, तेव्हा तारीख महिनाभर पुढे नेऊन १ एप्रिल केली गेली. सत्तर वर्षांच्या अंतरात एवढीच काय ती सवलत घेतलेली दिसते.

अमेरिकेत हा मुद्दा राज्यघटनेत आहे. दर दहा वर्षांच्या आत मोजणी झालीच पाहिजे, कारण प्रतिनिधिगृहातल्या जागा त्यावरून वाटायच्या असतात. १७९०पासून ती एकदाही चुकलेली नाही. महामारीतही मोजणी झाली, फक्त राज्यवार आकडे डिसेंबर २०२०ऐवजी एप्रिल २०२१मध्ये आले. न्यूझीलंडच्या कायद्यातही पाच वर्षांची अट होती, म्हणूनच भूकंपानंतर तिथल्या सरकारला गणना नुसती पुढे ढकलता आली नाही. संसदेत जाऊन कायदा बदलावा लागला आणि बदललेल्या कायद्यात नवं साल लिहून द्यावं लागलं. आपत्ती दोन्हीकडे आली, पण एका ठिकाणी उत्तर देण्याची सक्ती होती.

काही देशांत गणना रखडते, ती आकड्याच्या भीतीने. लेबनॉनमध्ये १९३२नंतर जनगणनाच झालेली नाही. तिथे सत्तापदं आणि संसदेतल्या जागा धर्मपंथांत वाटलेल्या आहेत आणि नवा आकडा आला तर ती वाटणी टिकेल की नाही, हे कोणालाच पाहायचं नाही. पाकिस्तानात १९९१ची गणना १९९८ साली झाली आणि त्यानंतरची थेट २०१७ साली, तीही सर्वोच्च न्यायालयाने टोचणी लावल्यावर. प्रांतांचा निधी आणि जागा लोकसंख्येवर ठरत असल्यामुळे प्रत्येक प्रांताला दुसऱ्याच्या आकड्याचा संशय होता.

मग दारात न जाता मोजणाऱ्या देशांचं काय? डेन्मार्कने १९७० साली शेवटचे अर्ज भरून घेतले आणि १९८१ साली जगात पहिल्यांदा संपूर्ण जनगणना नोंदवह्यांवरून काढली. त्याची पायाभरणी १९६८ साली झाली होती, प्रत्येक रहिवाशाला एक ओळख क्रमांक देऊन. पण निव्वळ क्रमांकाने काम भागत नाही. खरी मेख पत्त्यात आहे. तिथे घर बदललं की पाच दिवसांच्या आत नगरपालिकेला कळवावं लागतं आणि लोक ते कळवतातही, कारण त्यांचा डॉक्टर, त्यांचा पगार, कर, मुलाची शाळा सगळं त्या पत्त्याला बांधलेलं असतं. पत्ता बदलला की नव्या डॉक्टरचं नाव असलेलं आरोग्यपत्र घरी येतं. सांगण्यात ज्याचा त्याचा फायदा आहे, म्हणून वही ताजी राहते. एकदा अशी वही असली की गणना पाच वर्षांनी का दहा, हा प्रश्नच उरत नाही. हवा त्या दिवसाचा आकडा काढता येतो.

वही ताजी नसेल तर काय होतं, हे जर्मनीत दिसलं. १९८३ साली ठरलेली गणना तिथल्या घटनात्मक न्यायालयाने थांबवली. नागरिकाच्या माहितीवर नागरिकाचा हक्क आहे, असा तो प्रसिद्ध निकाल होता. गणना १९८७ साली झाली आणि पुढची तब्बल २०११ साली. दरम्यान देश गावोगावच्या रहिवासी नोंदींवरून आकडा पुढे नेत राहिला. २०११ साली नोंदी घेतल्या, त्या पडताळायला सुमारे दहा टक्के लोकांकडे प्रत्यक्ष माणसं पाठवली, तेव्हा उघड झालं की ज्या देशात ८ कोटी १७ लाख लोक आहेत असं सगळे धरून चालले होते, तिथे ८ कोटी २ लाखच आहेत. पंधरा लाख माणसं फक्त कागदावर राहत होती. त्यात मोठा भाग परदेशी रहिवाशांचा होता. येताना परवाना हवा म्हणून प्रत्येक जण नाव नोंदवतो. परत जाताना नाव काढून घ्यायला रांगेत कोण उभं राहतो? एकट्या बर्लिनची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजारांनी घटली. दरडोई मिळणारा निधीही त्यासोबत घटला. बर्लिन आणि हॅम्बर्ग न्यायालयात गेले आणि २०१८ साली हरले. २०२२च्या गणनेत पुन्हा तसाच, सुमारे १४ लाखांचा फरक निघाला.

नोंदवहीची चूक नेहमी अशी एकाच दिशेने साचते. येणारा लिहिला जातो, जाणारा राहून जातो. ती आतून ओळखता येत नाही, कोणीतरी दारावर थाप मारावीच लागते. भारतात ‘आधार असताना जनगणना कशाला’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. उसाच्या फडावर गेलेलं जोडपं आपला पत्ता पाच दिवसांत कोणाला कळवणार, आणि कळवून त्याला मिळणार काय?

न्यूझीलंडला दोन्ही बाजूंचे चटके बसले आहेत. २०१८ साली अर्ज कमी छापून ऑनलाइनवर भर दिला, प्रतिसाद घसरला आणि सुमारे ११ टक्के लोकांच्या नोंदी इतर सरकारी खात्यांच्या दफ्तरांतून भराव्या लागल्या. त्या फजितीनंतर सांख्यिकी खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. २०२५ साली सरकारने जाहीर केलं की २०२८ची घरोघरची गणना होणार नाही आणि २०३०पासून प्रशासकीय नोंदींवरून आकडे काढले जातील.

गणना लांबली की रोजच्या जगण्यात काय बिघडतं, ते तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत समजतं. नवीन रेशनकार्डावर धान्य मागायला गेलेल्याला तिथे एक शब्द ऐकायला मिळतो : ‘इष्टांक’. इष्टांक शिल्लक नाही, म्हणजे धान्य मिळण्याचा कोटा भरला. हा कोटा येतो कुठून? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे देशातल्या ७५ टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी लोकांना स्वस्त धान्य द्यायचं आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के एवढी मर्यादा आली. २०११ साली राज्याच्या ग्रामीण भागात सुमारे ६ कोटी १६ लाख लोक होते, शहरी भागात ५ कोटी ८ लाख. गुणाकार केला की ग्रामीण ४ कोटी ७० लाख आणि शहरी २ कोटी ३० लाख, मिळून ७ कोटी. टक्केवारी कायद्याने बांधलेली आहे, ती ज्या संख्येला लावायची ती मात्र २०११ची. राज्याची लोकसंख्या त्यानंतर कितीही वाढो, सात कोटींच्या पलीकडे जागा नाही. यादीतलं कोणी वारलं किंवा वगळलं गेलं, तरच नवं नाव आत येतं. २०१२ साली जन्मलेलं मूल आज किशोरवयात आहे आणि त्या गुणाकारात ते कुठेही नाही.

दुसरी अडचण हद्दींची. २०११ साली ठाणे हा १ कोटी १० लाख वस्तीचा, देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला. त्यामुळे २०११च्या तक्त्यांत पालघर जिल्हा नाहीच. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड या आठ तालुक्यांची बेरीज केली की सुमारे ३० लाख येतात आणि तेवढ्यावर काम चालवतात. लोकसंख्या अशी जोडता येते. पण कोण कुठून आलं, कशासाठी आलं, अशा स्थलांतराच्या तक्त्यांत आकडे जिल्ह्यापर्यंतच उतरलेले असतात, तालुक्यापर्यंत नाहीत. तिथे मोखाड्यातून दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं आणि लोकलने येऊन विरारला स्थायिक झालेले लोक एकाच ‘ठाणे’ या नावाखाली विरघळून गेले आहेत. बारा वर्षं वय झालेल्या जिल्ह्याला स्वतःचा असा एकही रकाना नाही. २०२७च्या फेब्रुवारीत प्रगणक जव्हारच्या पाड्यांवर चढतील तेव्हा त्यांच्या नोंदीच्या माथ्यावर, जिल्ह्याच्या जागी, पहिल्यांदाच ‘पालघर’ असं लिहिलेलं असेल.